बारशाला येण्याआधी



बारशाचं बोलावणं तुम्हा सगळ्यांना फोनवरून गेलंच आहे. त्यानंतर आलेल्या फोनांमध्ये अभिनंदनाइतकेच प्रश्नही होते. बारसं बाराव्याऐवजी तेराव्या दिवशी का? अक्षर कुठलं आलं? मुलीच्या बारशाला एवढा घाट कशाला? गुरुजींऐवजी बाई येणार म्हणजे काय? आणि न्यू जर्सीच्या भाचरांना हवं होतं ते वेगळंच: दगडाच्या वरवंट्याला टोपडं कशासाठी घालतात? एकेकाला निरनिराळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढावं म्हटलं. आज्जी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांच्याकडून घरची रीत विचारून घेतली आहे आणि शास्त्रात काय सांगितलंय तेही बघितलं आहे.

आधीच सांगते, म्हणजे कुणाला मांडवात आल्यावर धक्का बसायला नको. आपल्या घरच्या बारशात काय काय करायचं, ते आम्ही जवळपास होतं तसंच ठेवलं आहे. ते कुणी करायचं, एवढंच थोडंसं बदललं आहे.

आधी दिवसाचं. बाळ कार्तिक वद्य चतुर्थीला झालं. जन्माचा दिवस पहिला धरून मोजलं, तर बारावा दिवस नेमका अमावास्येचा येतो. अमावास्येला आपल्याकडे मंगलकार्य करत नाहीत, म्हणून एक दिवस पुढे, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला बारसं ठेवलं. बारा हा आकडा चुकला तर काहीतरी राहून जाईल, असं मात्र नाही. मनुस्मृती दहावा किंवा बारावा दिवस सांगते आणि ते न साधल्यास पुढची एखादी चांगली तिथी चालते, असंही म्हणते. पारस्कर गृह्यसूत्रात तर हिशेब बाळंतिणीवरून केला आहे: दहाव्या दिवशी ती उठली की मग नाव ठेवायचं. तोवर घरात दहा दिवसांची सोयर असते, देवपूजा बंद असते, बाळ-बाळंतीण आतल्या खोलीत असतात. सोयर फिटली, घर धुऊनपुसून झालं की बाळ पहिल्यांदा बाहेरच्या माणसांत येतं. हे माणसांत येणं म्हणजेच बारसं. पूर्वी पहिल्या दहा दिवसांत कितीतरी बाळं जात, त्यामुळे तोवर नावाची घाई कुणी करत नसे, असं आज्जी म्हणते. ती तिच्या आईकडून ऐकलेलंच सांगते आहे.

त्याआधीचा एक विधी होऊन गेला आहे. पाचवीच्या रात्री आज्जीनं पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा केली. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. ती काय लिहिते, ते कुणालाच वाचता येत नाही. बारशाला मात्र जे लिहायचं ते माणसांनी लिहायचं असतं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं असतं. त्यामुळे पाचवीला फक्त घरातल्या बायका होत्या आणि बारशाला तुम्ही सगळे हवे आहात.

बारशाचे खरं तर दोन भाग असतात. एक सकाळचा, शास्त्राप्रमाणे होणारा. दुसरा दुपारचा, पाळण्याजवळचा, बायकांचा. आपल्यापैकी बहुतेकांना दुसराच आठवतो, कारण त्यात गाणी, हसणं आणि घुगऱ्या असतात. पण बाळाला मिळणारी चार नावं सकाळच्या भागात लिहिली जातात.

हो, चार. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या शेवटी धर्मसिंधू लिहिला आणि आपल्याकडचे बरेच विधी त्याच्याच आधारानं चालतात. त्यात चार तऱ्हेची नावं सांगितली आहेत. पहिलं देवतेचं, म्हणजे अमुक दैवताचा भक्त अशा अर्थाचं. दुसरं महिन्याचं. तिसरं नक्षत्राचं. आणि चौथं व्यवहारातलं, ज्या नावानं उद्या शाळेत हजेरी होईल ते. ताटात तांदूळ पसरायचे आणि सोन्याच्या अंगठीनं त्यांत ही नावं एकाखाली एक लिहायची. लग्नात नवरीचं नाव बदलायचं असेल तेव्हाही अशाच ताटात लिहितात, ते तुम्ही पाहिलं असेल. माझ्या लग्नात ते ताट रिकामं राहिलं, कारण माझं नाव मी बदललं नाही. त्यावर तेव्हा बोलून झालं आहे. बाळाच्या ताटात मात्र चारही ओळी भरल्या जातील.

महिन्याच्या नावांची यादी ठरलेली आहे. मार्गशीर्षापासून सुरुवात केली तर कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन अशी ओळीनं बारा महिन्यांना विष्णूची बारा नावं येतात आणि शेवटच्या कार्तिकाला पुंडरीकाक्ष येतं. बारसं मार्गशीर्षात होणार असलं तरी महिना जन्माचा धरायचा, म्हणून बाळाच्या वाट्याला पुंडरीकाक्ष आलं. काकांनी फोनवर हसत विचारलं, की पोरीला हे नाव पेलायचं कसं? काका, ते हाक मारायला नाहीच. तांदळात लिहायचं, संकल्पात उच्चारायचं, तेवढंच त्याचं काम.

नक्षत्राच्या नावानं मात्र बरीच धावपळ झाली, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, म्हणजे एक चरण अंदाजे सहा तासांचा. प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेलं आहे आणि पंचांगात त्याचा तक्ता असतो. जन्माच्या वेळी चंद्र ज्या चरणात, त्याच्या अक्षरावरून नाक्षत्रनाम ठेवायचं. बाळ जन्मलं तेव्हा चंद्र आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात होता. आर्द्रेची अक्षरं कू, घ, ङ आणि छ. म्हणजे आमच्या वाट्याला आलं ङ!

ङ वरून सुरू होणारं नाव कुणाच्याही सात पिढ्यांत सापडणार नाही. तक्ता करणाऱ्यांनाही ही अडचण माहीत होती. ङ, ञ आणि ण ही अक्षरं नावाच्या सुरुवातीला येत नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज आणि ड घ्यावेत, असं ज्योतिषाच्या परंपरेत सांगून ठेवलेलं आहे. त्यामुळे ङ चा ग झाला. त्यातून जन्म संकष्टीचा. ग आणि संकष्टी असा योग जुळल्यावर गणपतीच्या आणि गौरीच्या नावांची जी यादी माझ्या फोनवर जमली आहे, तिच्यातून एका वाडीतल्या सगळ्या मुलींची बारशी उरकतील.

इतक्यात भाच्याचा निरोप आला, की अक्षर ग नाहीच, ‘के’ आहे, त्यानं मोबाइलवर काढलं. घरात गोंधळ. बघितलं तेव्हा कळलं, की त्यानं वेळ आपली घातली होती आणि गाव न्यू जर्सी ठेवलं होतं. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणजे त्याच्या मोबाइलनं जन्म साडेदहा तास उशिरा धरला, तेवढ्यात चंद्र पावणेदोन चरण पुढे सरकला आणि आर्द्रा ओलांडून पुनर्वसूच्या पहिल्या चरणात गेला. त्या चरणाचं अक्षर ‘के’. चंद्र आकाशात एकाच ठिकाणी असतो, मग तो पुण्यातून बघा नाहीतर परदेशातून. फरक पडतो तो घड्याळाचा. परदेशात ज्यांच्याकडे बाळं होणार आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं: जन्माचं गाव आणि त्याच गावची वेळ अशी जोडी घालावी. जन्म चरण बदलण्याच्या आसपास झाला असेल तर चार-पाच मिनिटांनीही अक्षर बदलू शकतं, म्हणून वेळ दवाखान्याच्या नोंदीवरून घ्यावी. घरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा भरवसा धरू नये.

तर नाक्षत्रनाम ग वरून ठेवलं जाईल. ते हाक मारायचं नाव व्हायलाच हवं, असा नियम नाही. उलट आश्वलायन गृह्यसूत्रात एका नावाबद्दल असं सांगितलं आहे, की ते मुंज होईपर्यंत आईवडिलांनाच ठाऊक असावं. घरोघरी नाक्षत्रनाम वेगळं आणि हाकेचं वेगळं असायचं ते यामुळेच. आता अक्षर आलं की तेच व्यवहाराचं नाव व्हायला हवं असा आग्रह धरतात आणि आईबाप महिनाभर एका अक्षरावर अडकून बसतात. आम्ही त्यात पडलो नाही. व्यवहारातलं नाव ग वरून नाही, एवढं आज सांगून ठेवते.

मग ते ठरवलं कसं? जुन्या लोकांनी यावर किती विचार केला होता, ते वाचून मला गंमत वाटली. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे जवळपास बावीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, व्याकरण का शिकावं याची कारणं दिली आहेत आणि त्यांतलं एक बाळाचं नाव ठेवणं हे आहे. मुलाचं नाव कसं असावं, ते तिथं याज्ञिकांच्या तोंडून सांगितलं आहे: सुरुवातीचं व्यंजन घोष असावं, म्हणजे ग, ज, द, ब यांच्यासारखं, मधे य, र, ल, व यांपैकी काही असावं, अक्षरं दोन किंवा चार असावीत. पुढच्या दोन अटी तर आजच्या कुठल्याही घरातल्या वाटाव्यात. नाव वडिलांकडच्या तीन पिढ्यांशी जुळणारं असावं आणि शत्रूकडे चालणारं नसावं! मुलींसाठी गृह्यसूत्रांत अक्षरांची संख्या विषम सांगितली आहे, आणि मनुस्मृती म्हणते, की नाव उच्चारायला सोपं असावं, कठोर नसावं, शेवटी दीर्घ स्वर असावा. बाळाचं नाव तीन अक्षरी आहे आणि शेवट दीर्घ आहे. शत्रूंचं म्हणाल, तर तीन गावं सोडूनही कुणाशी वैर नाही, त्यामुळे ती अट आपोआप पाळली गेली.

पिढ्यांशी जुळण्याबद्दल आज्जीचं मत वेगळं पडलं. तिला पणजीचं नाव हवं होतं. गेलेल्या माणसाचं नाव नातवंडाला ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. पण तिची अडचणही आज्जीनंच सांगितली. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसे. मुलाला आजोबांचं नाव ठेवलं, की त्याची आई त्याला हाक मारणार कशी? मग बाळ, बंडू, बापू, आबा अशी नावं चिकटायची आणि तांदळातलं नाव तांदळातच राहायचं. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं, पण घरच्या ‘बाळ’ या हाकेनंच ते जगाला माहीत झाले. आज्जी, पणजीचं नाव मला आवडतंच, पण मी तिला हाक मारताना तू प्रत्येक वेळी दचकशील. म्हणून ते ठेवलं नाही.

आता ‘कुणी’ बदललं, त्याकडे येते. सकाळी पौरोहित्य करायला बाई येणार आहेत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था स्त्रियांना पौरोहित्य शिकवतात आणि लग्नं, मुंजी, वास्तुशांती करणाऱ्या स्त्रिया आता कितीतरी आहेत. पण आम्ही हे ठरवलं त्याचं कारण बाळ मुलगी आहे हे आहे. मनुस्मृतीप्रमाणे मुलींचे संस्कार करायचे, पण मंत्रांशिवाय. क्रिया सगळ्या त्याच, फक्त तोंडानं काही म्हणायचं नाही. आमच्या ओळखीच्या गुरुजींनी तसं सुचवलं आणि त्यांच्या पोथीप्रमाणे ते बरोबरही असेल. पण बाळाचं नाव ठेवायच्या विधीत गप्प राहायचं, हे मला आणि ह्यांना पटेना. या बाई मुलीसाठीही मंत्र म्हणतात आणि त्यांचा अर्थ मराठीतून सांगतात. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, आधी विचारलं. ते म्हणाले, अर्थ सांगणार असतील तर मी पुढे बसेन.

दुपारचं महत्त्वाचं काम आत्याचं असतं. शास्त्रात नाव ठेवायचं काम वडिलांचं आहे. आत्याचा तिथं उल्लेखही नाही. आपल्याकडे ते केव्हातरी आत्याकडे आलं आणि इतकं रुळलं, की आत्याशिवाय बारशाची कल्पनाच करवत नाही. म्हणजे कुणी करायचं, हे पूर्वीही बदलत आलं आहे. आत्या कुंची, झबलं, अंगडं-टोपडं घेऊन येते, पाळणा बांधताना हजर असते, नाव ठरवण्यात तिचा शब्द असतो आणि बाळाच्या कानात ते पहिल्यांदा तीच सांगते.

पुढचं वन्संना विचारूनच सगळ्यांसाठी लिहिते आहे. गेल्या वर्षी भावोजी गेले. वन्संनी कळवलं, की त्या येतील, पण मागे बसतील आणि नाव चुलत नणंदेनं सांगावं. पाळण्याजवळ सवाष्णीच हव्यात, असं त्यांना कुणीतरी सुचवलं होतं. वन्सं, तुम्ही बाळाच्या आत्या आहात आणि नाव तुम्हीच सांगणार आहात. पाळण्याजवळ उभं राहायचा मान नात्यामुळे मिळतो, कुंकवामुळे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एका गावाला जे जमलं, ते आपल्या एका घराला जमायला हरकत नाही. हळदीकुंकू वन्संना पहिलं लावलं जाईल आणि ओटीही भरली जाईल. कुणाला हे खटकत असेल तर त्यांनी मला आत्ताच सांगावं. समारंभात वन्संच्या कानावर जाईल असं कुणी बोलू नये.

आता पाळण्याजवळ काय होतं ते, मुख्यतः भाचरांसाठी. पाळण्याखाली रांगोळी आणि बाजूला समई असते. आधी वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून, कुंचीत गुंडाळतात. पाळण्याच्या एका बाजूला एक बाई आणि दुसऱ्या बाजूला दुसरी अशा उभ्या राहतात. एक जण वरवंटा पाळण्याच्या खालून पलीकडे देते, दुसरी तो वरून परत देते. देताना एकीनं गोविंद म्हणून द्यायचा आणि दुसरीनं गोपाळ म्हणून घ्यायचा. मग बाळाला तसंच अलगद इकडून तिकडे देतात आणि पाळण्यात वरवंट्याजवळ निजवतात. बाळ वरवंट्यासारखं टणक आणि दीर्घायुषी व्हावं, असा त्यामागचा भाव. मला त्यातलं देणंघेणं अधिक महत्त्वाचं वाटतं. बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातं आणि दोन्ही घरच्या बायकांनी त्याला हातात घेतलेलं असतं. एका बाजूला माझी आई आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई उभ्या राहतील. वरवंटा चांगला जड आहे, आणि दोघींचे गुडघे दुखतात, म्हणून खाली वाकून घ्यायला मावशीनं मदत करावी. बाळाची मान अजून धरत नाही. तिला देताना एक हात मानेखाली हवाच, आणि तिला एकदाच द्यायचं. फेऱ्या किती व्हाव्यात त्याची हौस वरवंट्यावर भागवून घ्या.

त्यानंतर आत्या बाळाच्या कानाशी वाकते, कुर्र करते आणि नाव सांगते. ती वाकलेली असतानाच बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. भाचरांनो, हे भांडण नाही, ही रीत आहे. नाव सगळ्यांना कळायच्या आधी एकटीला कळलं, त्याची ती गोड शिक्षा समजा. कुर्र हळू आवाजात असावं आणि धपाटे वन्संची पाठ ओळखून. मग पाळणा म्हणायचा. आपले जुने पाळणे पहिल्या दिवसापासून मोजत जातात, एकेका दिवसाला एकेक कडवं, आणि बाराव्याला बारसं येतं. आज्जीला दोन पूर्ण पाठ आहेत. ती म्हणेल तेव्हा मोबाइल खाली ठेवून मागे म्हणा.

मुलीसाठी एवढं कशाला, या प्रश्नाचं उत्तर रागावून द्यायचं नाही, असं ठरवलं आहे. पण उत्तर द्यायला हवं. मी साताऱ्याकडची. मुलगाच हवा म्हणून लागोपाठच्या मुलींपैकी धाकटीचं नाव नकुशा, नकोशी ठेवायची पद्धत आमच्या जिल्ह्यात होती. २०११ साली जिल्हा परिषदेनं अशा मुली शोधल्या. अडीचशेहून अधिक सापडल्या आणि एका कार्यक्रमात त्यांना नवी नावं दिली गेली. त्या मुलींना शाळेच्या हजेरीत रोज ऐकावं लागायचं, की आपण नको होतो. दगडू, धोंडू, भिकू ही नावंही वाईटच वाटतात, पण त्यांमागे उलटा विचार असायचा. आधीची मुलं गेलेली असत, हे तरी राहावं, म्हणून देवाचं आणि माणसाचं लक्ष जाऊ नये असं नाव ठेवायचे. दगडू हे नाव भीतीपोटी ठेवलेलं असे आणि नकुशा हे नाव नकोशी झाल्यामुळे. आपल्या घरात असं कुणी नाव ठेवलं नाही. पण मुलाच्या बारशाला मांडव आणि मुलीच्या बारशाला चहा, हेही त्यातलंच थोडंसं आहे.

तांदळातलं नाव झालं, कानातलं झालं. तिसरं कागदावरचं. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते आणि दवाखान्यात बाळ झालं तर माहिती दवाखानाच कळवतो. तेव्हा नावाची जागा कोरी ठेवता येते. जन्मनोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. नंतर उशिराचं शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून बारशाआधी घाईनं काहीतरी नाव लिहून देऊ नये. कारण एकदा नाव नोंदलं, की अक्षराची चूक दुरुस्त होते, पण नावच बदलायचं म्हटलं तर कठीण जातं. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे. मराठीतलं नाव इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं, दीर्घ ई दाखवायचा की नाही, हे आम्ही दोघांनी एका कागदावर लिहून ठेवलं आहे आणि सगळीकडे तेच घालणार आहोत.

आणि आणखी एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आपल्या बाळाच्या नावात माझंही नाव येईल. हे आम्ही हट्टानं केलेलं नाही, नियमच आहे. पण ताटात लिहितानाही आम्ही असंच लिहिणार आहोत. माझ्या लग्नात रिकाम्या राहिलेल्या ताटाबद्दल आत्याबाई अजून हळहळतात. त्यांनी या वेळी पुढे बसून बघावं.

काही साध्या गोष्टी. बाळाला मध चाटवू नका, बोटाच्या टोकावरही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मधातले जंतू वाढून बाळाला लकवा मारल्यासारखं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. काजळ डोळ्यांत घालू नका. फार वाटलं तर पायाच्या तळव्याला तीट लावा. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी लांबूनच आशीर्वाद द्यावा, आणि मुका कुणीच घेऊ नये. बाळलेणी आणणार असाल तर वाळे, मनगट्या चालतील. गळ्यात साखळी किंवा दोरा नको, झोपेत आवळला जातो. कान टोचायला सोनार त्या दिवशी येणार नाही, थोडी मोठी झाल्यावर टोचू.

कामांची वाटणी अशी. हरभरे आदल्या रात्री मामी भिजत घालतील, सकाळी उकडून त्यांत मीठ, ओलं खोबरं आणि थोडा गूळ घालून घुगऱ्या होतील. सुंठवडा सासूबाई घरून आणणार आहेत. पाळणा मामा बांधतील आणि बाळ निजवण्याआधी वरवंटा घालून दोर ओढून बघतील. न्यू जर्सीकरांसाठी दुपारी तीनला व्हिडिओ कॉल लागेल. तुमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतील, ही हिशेबाची वेळ मीच काढली आहे, भाच्याला विचारलेली नाही.

नाव वन्संना मुहूर्ताच्या दिवशी सकाळीच कळेल. तोवर माझ्या आईला फोन करून काढून घ्यायचा प्रयत्न करू नका. तिलाही सांगितलेलं नाही, आणि ती त्यावरून आधीच रुसली आहे.

सर्वांनी अगत्य यावं.

तुमची,
बाळाची आई